अठ्ठावन्नाव्या वर्षीचा विठ्ठल

महाराष्ट्र सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना 58 व्या वर्षी निवृत्ती मिळते आणि त्यापाठोपाठ पुष्कळांना विठ्ठलही भेटतो. काल-परवापर्यंत फायलीवर शेरे मारणारे हात टाळ धरतात, आणि साहेबांचा हरिपाठ ऐकून घरचे म्हणतात, ‘वय झालं की माणूस देवाकडे वळतोच.’

धर्माचे समाजशास्त्रज्ञ मात्र इतक्या सहज मान डोलावत नाहीत. भजनाला बसलेल्या पिकल्या केसांकडे बघून ते विचारतात: ही माणसं म्हातारपणी भाविक झाली, की भाविक पिढीच आता म्हातारी झाली? एका संध्याकाळची डोकी मोजून हे कळत नाही. त्याच माणसांना वर्षानुवर्षं विचारत राहावं लागतं.

ब्रिटनमध्ये डेव्हिड व्होआस आणि अलास्डेअर क्रॉकेट यांनी 2005 साली असाच हिशेब मांडला. तिथली धार्मिकता घटते आहे ती माणसं वयाबरोबर बदलतात म्हणून नव्हे, तर प्रत्येक नवी पिढी आधीच्या पिढीपेक्षा कमी धार्मिक निपजते म्हणून, असं त्यांना दिसलं. म्हणजे चर्चमधल्या आजीबाई बहुधा तरुणपणापासूनच तिथे येत होत्या. उलट दक्षिण कॅलिफोर्नियात व्हर्न बेंगट्सन यांच्या गटाने 1971 पासून काही कुटुंबांच्या पिढ्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा वयाबरोबर श्रद्धा वाढल्याचंही आढळलं आणि पिढ्यांमधला फरकही. थोडक्यात, घरच्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे.

मोजमापातही एक मेख आहे. देवळातली हजेरी मोजली, तर पंचाहत्तरीनंतर भक्ती ओसरल्यासारखी दिसेल. खरं तर ओसरलेली असते गुडघ्यांची ताकद. आजोबा घरी खुर्चीत बसून जप करत असतात, पण हजेरीपटावर गैरहजर! म्हणून जाणते संशोधक हजेरी, खासगी प्रार्थना आणि श्रद्धा यांची मोजणी वेगवेगळी करतात.

गंमत म्हणजे ज्यांचा हरिपाठ निवृत्तीनंतर हाती घ्यायचा, त्या ज्ञानेश्वरांनी परंपरेप्रमाणे एकविसाव्या वर्षीच समाधी घेतली. आपल्या सेवानियमांप्रमाणे त्यांना हरिपाठ सुचायला आणखी 37 वर्षं थांबावं लागलं असतं.

या सगळ्यात साहेबांच्या सौभाग्यवती कुठे आहेत? त्या तिशीतही कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता स्तोत्र म्हणत होत्या, आजही म्हणतात. त्यांना ना निरोप समारंभ, ना पेन्शन, त्यामुळे त्यांची भक्ती ‘सुरू झाली’ असं कुणी म्हणत नाही. साहेबांना मात्र साठीच्या आत देव सापडला म्हणून गल्लीभर कौतुक. उद्या एखादा संशोधक प्रश्नावली घेऊन आलाच, तर त्याने दिवाणखान्यातून उठून आधी स्वयंपाकघरात जावं.