फूटभर गुढी : नवशिक्यांसाठी सचित्र नसलेली कृती

साहित्य : पेन्सिलीएवढी जाड, फूटभर लांब वेळूची काठी, अर्धा किलो भिजवलेला शाडू, खणाचा वीतभर तुकडा, भातुकलीतला पितळी तांब्या, कडुलिंब, साखरेची गाठी, केसांना लावायचं एक रबर आणि पाच वर्षांचं एक मूल. पहिल्या सात वस्तू शोधाव्या लागतात. आठवी आपोआप येते आणि येताच पहिल्या सातांपैकी निदान दोन नाहीशा होतात. गाठी म्हणून दोन आणाव्यात.

लागणारा वेळ : अर्धा तास, असं मला वाटलं होतं.

घरची खरी गुढी आजी खिडकीला बांधते आणि तिला कोणी हात लावायचा नसतो. त्यामुळे आमच्या कन्येला स्वतःची गुढी हवी होती. लहान गुढी म्हणजे मोठ्या गुढीची सोपी आवृत्ती, असा नवशिक्यांचा समज असतो. मोठी गुढी गजाला सुतळीने आवळली की झालं. लहानीला आधाराला काही नसतं, तिला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं, आणि तिच्या डोक्यावर पितळ असतं. म्हणून या कृतीतला निम्मा भाग बैठकीचाच आहे.

दिवाळीच्या आकाशकंदिलाची कामटी वापरावी, असं कोणालाही सुचेल. आम्हालाही सुचलं. तांब्या घालताच ती शेपटीसारखी वाकली. मग काठी आणली आणि तांदळाने भरलेल्या पेल्यात खोचली. तांदूळ सरकतात, काठी कलते आणि तांब्या टणकन फरशीवर येतो. कन्येने हा प्रयोग सहा वेळा केला. तिला आवाज आवडला होता.

उपाय शाडूचा. गणपतीत उरलेला गोळा दगडासारखा वाळला असेल तरी फेकू नये. शाडू भाजलेला नसतो, त्यामुळे बारीक फोडून रात्रभर पाण्यात ठेवला की पुन्हा मऊ होतो. त्याची चार बोटं उंच, वाटीच्या तोंडाएवढी रुंद बैठक थापावी आणि काठी तळापर्यंत खोचून भोवतीची माती अंगठ्याने दाबावी. खिडकीतली गुढी बाहेर झुकलेली असते म्हणून हीही झुकलेली हवी, असा हट्ट होईल. थोडी झुकवा, पण वरून पाहिलं असता तांब्या बैठकीच्या आतच दिसला पाहिजे. तो कडेबाहेर डोकावू लागला की गुढी आज ना उद्या पडणारच. आणि ही बैठक आदल्या संध्याकाळीच करावी, चार दिवस आधी नाही. वाळताना शाडू आकसतो, काठी काही आकसत नाही, मग माती काठीपासून कडेपर्यंत तडकते. पाडव्याच्या सकाळी ती किंचित ओलसर असलेली बरी.

आता वस्त्र. खण कापला की त्याच्या कडेचे धागे सुटतात. त्यामुळे कापलेल्या कडेला बोटाने डिंक फिरवून तो वाळू द्यावा. हे काम मुलाला द्यावं, कारण डिंक ते असंही घेणारच आहे. निऱ्या घालणं म्हणजे कागदाचा पंखा करणं, एवढं सांगितलं की पाच वर्षांच्या बोटांना ते जमतं. गाठ मारणं मात्र जमत नाही. तिथे केसांचं रबर कामाला येतं : निऱ्यांचा वरचा भाग काठीच्या टोकापासून बोटभर खाली धरायचा आणि रबराचे दोन-तीन वेढे द्यायचे. कापडाचा हा झुबका जाड झाला तर तांब्या त्यावर टेकतो, खाली घसरत नाही. आमचं रबर गुलाबी आहे आणि त्याला ससा आहे. आजीने ते पाहिलं आणि ती काही बोलली नाही.

कडुलिंबाची डहाळी आणायला मुलाला एकटं पाठवू नये. आमचा मदतनीस उड्या मारत गेला आणि शेजारच्या कुंडीतला कढीपत्ता घेऊन आला. दोन्हींची पानं देठाला ओळीने लागतात, पण कडुलिंबाच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते आणि ते एका बाजूला कोयत्यासारखं वळतं. तरीही शंका राहिली तर चुरगळून वास घ्यावा. फोडणी आठवली की तो कढीपत्ता. एवढ्या लहान गुढीला डहाळी लागतच नाही. ज्याला आपण दहा-बारा पानं समजतो ते कडुलिंबाचं एकच पान असतं, एका देठावर अनेक पर्णिका असलेलं. ते एक खोचलं की फूटभर गुढीला अख्खी डहाळी लावल्यासारखी दिसते. आंब्याचं पान गुढीपेक्षा मोठं दिसतं, ते सोडून द्यावं.

गाठीचंही तसंच. बत्ताशाला सुईने भोक पाडून माळ करावी ही कल्पना चांगली आहे आणि बत्तासा दर वेळी फुटतो. त्यापेक्षा बाजारची गाठीच घ्यावी. साच्यात पाक ओततानाच तिच्यात दोरा घातलेला असतो, म्हणून दोन पदकांच्या मधला दोरा कापला की हवी तेवढी लहान माळ तयार मिळते. आम्ही पाच पदकं कापली. लावली तेव्हा तीन होती.

शेवटी तांब्या उपडा ठेवायचा. इथे प्रश्न येतात. ‘बाबा, उलटा ठेवल्यावर पाणी कसं राहणार?’ पाणी नसतंच. ‘मग तांब्या कशाला?’ हा प्रश्न आजीकडे पाठवावा. पुढचा प्रश्न अवघड होता : ‘गुढी जिंकल्यावर लावतात ना? मग कोण जिंकलं?’

माझी चूक इथे झाली. राम अयोध्येला परत आला, एवढं सांगून थांबायला हवं होतं. मी शालिवाहनाची गोष्ट सांगितली : कुंभाराकडे वाढलेल्या मुलाने मातीचे सैनिक केले, त्यांच्यावर पाणी शिंपडलं, ते जिवंत झाले आणि त्यांनी शत्रूला हरवलं. ज्या शकाचं वर्ष पाडव्याला बदलतं, तो त्याच्याच नावाचा. वर्ष काढायचं तर पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत इसवी सनातून 78 वजा करावे, हेही मी उत्साहाने सांगितलं. ते कोणी ऐकलं नाही. ‘मातीचे सैनिक’ तेवढं ऐकलं गेलं.

सकाळी साडेसातला आजीची गुढी उभी राहिली. पाटावर रांगोळी काढून शेजारी आमचीही ठेवली, हळदकुंकू वाहिलं. कडुलिंबाची चटणी गूळ आणि ओवा घालूनही कन्येने जिभेच्या टोकाने तपासली आणि आजोबांच्या वाटीत परत ठेवली. अकराच्या सुमाराला टणकन आवाज आला. मी पाहिलं तर बैठकीची मागची बाजू गायब होती आणि पाटाखाली नऊ सैनिक रांगेत उभे होते, अंगावर चमच्याने पाणी शिंपडलेले. वरून पाहिल्यास तांब्या कडेबाहेर दिसत होता, म्हणजे वरचा नियम बरोबर आहे.

असं झालं तर माती परत मागू नये. एका पसरट वाटीत ओली वाळू भरून उरलेली बैठक तिच्यात रुतवावी, गुढी दिवसभर टिकते. आमची टिकली.

सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवायची असते. आजीने खिडकीतली उतरवली, आम्ही पाटावरची. गाठीच्या जागी नुसता दोरा होता आणि त्यावर दोन मुंग्या. तांब्या कुठेच सापडेना. शेवटी तो पाटाखाली मिळाला, उपडा, आणि त्याच्या आत दहावा सैनिक. तो राजा आहे आणि वाळेपर्यंत त्याला बाहेर काढायचं नाही, असं आम्हाला कळवण्यात आलं आहे.