परीक्षेपुरती रजा

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरने अर्ज लिहिला: ‘नीट-पीजीच्या तयारीसाठी ४५ दिवसांची अध्ययन रजा मिळावी.’ तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत तो जिल्ह्याला गेला आणि शेऱ्यासह परतला. अध्ययन रजा अभ्यासक्रमासाठी असते, त्याच्या प्रवेशपरीक्षेसाठी नव्हे. म्हणजे आधी प्रवेश मिळवा, मग अभ्यासाला रजा मागा!

बाबूंनी वाट दाखवली. ‘अध्ययन’ खोडा, ‘अर्जित’ लिहा, कारण ‘घरगुती’ टाका. खाली एक ओळ मात्र हवीच: ‘माझ्या गैरहजेरीत केंद्राचा कार्यभार अमुक सांभाळतील.’ हा अमुक शोधण्यात आठवडा गेला, कारण शेजारच्या केंद्रातला डॉक्टरही त्याच परीक्षेला बसणार होता.

साडेतीन तासांत २०० प्रश्न, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. पण खरी परीक्षा तारखेची. २०२४ साली २३ जूनची नीट-पीजी आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि ११ ऑगस्टला झाली. जूनपर्यंत पुरवून घेतलेली रजा तोवर संपलेली होती.

नव्या रजेसाठी नवा अर्ज लागतो. आणि अर्थातच नवा अमुक.