मशेरीला धूर नसतो

विम्याच्या अर्जावर ‘धूम्रपान करता का?’ असं विचारलं की गालात बार भरलेला माणूसही बिनदिक्कत ‘नाही’ लिहितो. त्याचंही खोटं नाही. 2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ 3.8 टक्के आणि चघळणारे, मशेरी लावणारे असे बिनधुराचे तब्बल 24.4 टक्के निघाले. पण अर्जात बहुधा ‘कोणत्याही स्वरूपात तंबाखू?’ हाही प्रश्न असतो, आणि लघवीच्या तपासणीला तर धूर आणि बार यांतला भेद ठाऊकच नाही. ती शोधते कोटिनीन. निकोटीन काही तासांत ओसरतं, पण त्यापासून शरीरात बनलेलं कोटिनीन पुढे काही दिवस मुक्काम ठोकतं; आदल्या रात्री पुडी लपवून उपयोग नाही. एलआयसीच्या काही मुदत विम्यांत या चाचणीत पास झालात तरच स्वस्त दर, एरवी सगळ्यांना धूम्रपान करणाऱ्यांचाच दर.

पण चाचणी न होताच पॉलिसी निघाली, तर? समजा, एक कोटीच्या विम्याला खऱ्या उत्तराचा हप्ता वर्षाला 18 हजार आणि ‘नाही’चा 12 हजार. दोन वर्षांत 12 हजार वाचले. मग छातीत दुखू लागलं. आता हाच गृहस्थ डॉक्टरांपुढे सत्यवचनी होतो आणि केसपेपरवर ‘तंबाखू, 15 वर्षे’ अशी नोंद होते. तो गेल्यावर दावा इतक्या लवकर आलेला पाहून कंपनी चौकशी करते, आणि चौकशी अधिकाऱ्याच्या हाती पहिला लागतो तो हाच केसपेपर. अर्ज एजंटाने भरला, असं घरचे म्हणतात; पण खाली सही कोणाची?

जाणकार इथे विमा कायद्याचं कलम 45 काढतात: तीन वर्षांनंतर पॉलिसीला कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही. खरंच आहे. त्याआधीही, नुसती माहिती दडवली एवढाच आरोप असेल, तर ‘हे माहीत असतं तर विमा दिलाच नसता’ हे कंपनीने सिद्ध करायचं असतं. तंबाखू खाणाऱ्याला विमा मिळतो, फक्त महाग. तेव्हा मुद्दा बिनतोड वाटतो. मात्र कंपनी फसवणुकीचा आरोप करू शकते, आणि हेतू फसवणुकीचा नव्हता हे पटवण्याचं काम मग वारसांच्या गळ्यात पडतं. म्हणजे वर्षाला सहा हजार वाचवायचे नवऱ्याने आणि ग्राहक आयोगाच्या तारखांना जायचं बायकोने. शिवाय तीन वर्षं जगण्याची हमी पॉलिसीत नसते. हप्ते थकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू केली, तर ती तीन वर्षं नव्याने मोजतात. त्या वेळी तब्येतीचं जाहीरपत्र पुन्हा भरून मागितलं की तंबाखूचा रकाना पुन्हा समोर येतो.