नवस तुझा, फेडणार कोण?

‘पोरगं पास होऊ दे, पाच नारळांचं तोरण बांधीन.’ ‘सुनेला दिवस जाऊ देत, पाळणा वाहीन.’ ‘जमिनीचा निकाल आपल्या बाजूने लागू दे, बकरं देईन.’ नवस असाच बोलला जातो. आधी काम, मग मोबदला.

यावर वर्षानुवर्षं एकच वाद चालतो. एक म्हणतो, ही श्रद्धा. दुसरा म्हणतो, ही देवाला लाच. दोघेही देव घेतो की नाही यावरच भांडतात.

देणारा कोण, हे कुणी विचारतच नाही.

नारळ बोलणाऱ्याच्या खिशातून जातो. पण बकऱ्याला कुणी विचारलं होतं का?

आता सगळ्यात वाईट नवस घ्या. मूलबाळ नसलेलं जोडपं खंडोबापुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘मूल दे, पहिलं मूल तुलाच वाहीन.’ मुलगा झाला तर वाघ्या, मुलगी झाली तर मुरळी. भंडारा लावून, कवड्यांची माळ घालून त्या पोरीचं देवाशी लग्न लावलं जायचं. मग तिला दुसरं लग्न नाही, घर नाही, आणि गावातल्या बड्यांची नजर चुकवण्याची सोय नाही. यल्लमाच्या नावानेही पोरी अशाच सोडल्या गेल्या.

नवस आईबापाचा. फेडला पोरीने, जन्मभर.

करार झाला तेव्हा ती जन्मलीही नव्हती!

शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ या पत्रातून या चालीवर कोरडे ओढायला सुरुवात केली, त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला. आणि तरीही महाराष्ट्राला २००५ चा नवा कायदा करावा लागला. सत्तर वर्षांनी पुन्हा तोच कायदा कशासाठी लागतो? पोरगी देऊन देवाचं देणं फिटतं, ही समजूत कायद्याच्या कागदाने मरत नाही, म्हणून.

देणारा कोण, याचे दोन नवस वाई तालुक्यात शेजारी शेजारी पाहायला मिळतात. एक बावधनचा, दुसरा मांढरदेवीचा.

बावधनला रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड निघतं. ज्यांचा नवस पुरा झाला, त्यांच्यातून कौल लावून बगाड्या ठरतो. दगडी चाकांच्या अवाढव्य गाड्यावर उंच शिडाला तो टांगला जातो. पूर्वी पाठीत लोखंडी गळ टोचत, आता बांधतात. मला हे आवडत नाही. बैलांचे हाल तर मुळीच बघवत नाहीत. पण एक गोष्ट मानावी लागते. नवस ज्याने बोलला, वर तोच लटकतो.

बैल सोडले तर दुसऱ्याचं अंग त्यात नाही.

मांढरदेवीची गोष्ट वेगळी. काळूबाईचा डोंगर, पौषी पौर्णिमेची यात्रा, लाखोंची गर्दी. २५ जानेवारी २००५ ला अनेकजण आपापला नवस फेडायला वर चढले होते. नारळ फुटत होते, फुटतच होते. त्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या. अरुंद वाटेवर माणसं घसरली, मागच्यांच्या पायाखाली गेली. दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या. तीनशेच्या आसपास माणसं गेली.

एका नारळाने कुणी घसरत नाही. लाखभर नारळांनी घसरतं. ‘माझा एक नारळ’ म्हणणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

पुढे तिथे पशुबळीला बंदी आली. बरं झालं. देवीचा कोप झाल्याचं मात्र ऐकलं नाही.

‘पण नवसाला गुण येतो हो!’ हे म्हणणारा प्रत्येक घरात एक असतो. देवळातल्या टांगलेल्या पाळण्यांकडे तो बोट दाखवतो. बघा, किती जणांना मुलं झाली.

खरंच बघा. टांगलेला प्रत्येक पाळणा मूल झालेल्याचाच असतो. ज्यांना झालं नाही, त्यांनी काय टांगावं? त्या बायका मुकाट घरी गेल्या. त्यांच्यासाठी देवळात एक खुंटीसुद्धा नाही. तुकोबांनी साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी नवसाने पोरं होतात या समजुतीची अभंगात रेवडी उडवली. तुकोबांच्या दिंडीत नाचणारे आपण ते ऐकलं कुठे?

आणि नवस बोलणारा मेला, तर हिशेब मिटतो का? मिटत नाही. इथेच खरी मेख आहे.

घरात आजारपण आलं, म्हैस मेली, पोराचं लग्न जमेना. मग कुणी देवऋषी सांगतो, ‘तुमच्या आजोबांचा नवस फेडायचा राहिलाय.’ आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. ते काय बोलले, कुठल्या देवाला बोलले, मुळात बोलले का, याचा साक्षीदार नाही. तरी वसुली नातवाकडून. बरं, नुसतं बकरं देऊन भागत नाही. भावकीला जेवण घालावं लागतं, पाहुणे बोलवावे लागतात, मांडव, वाजंत्री. आजारी माणसाच्या औषधाला जे पैसे लागणार होते, ते असे रश्श्यात जातात. वर कर्ज होतं ते वेगळंच.

सावकारसुद्धा मुदत सांगतो. कागद दाखवतो. इथे ना कागद, ना मुदत, ना रक्कम.

हा देवाचा धाक नाही. देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसाचा धाक आहे.

गाडगेबाबांना हे नेमकं कळलं होतं. गावोगाव कीर्तनात ते बकरं-कोंबड्याच्या नवसावर तुटून पडत. समोर बसलेल्यांच्या अंगावर चिंध्या आणि डोक्यावर कर्ज असायचं. अशा माणसाला देव आहे की नाही हे शिकवण्यापेक्षा कर्ज काढून जेवणावळ घालू नकोस हे सांगणं त्यांना जास्त निकडीचं वाटे. त्या वादात ते गुंतून पडले नाहीत, म्हणून त्यांचं लोकांनी ऐकलं.

मग देवाशी सौदा करावा की नाही? माझं उत्तर सरळ आहे. दवाखान्याच्या बाहेर रात्रभर बसलेली आई हात जोडून काहीतरी बोलते. तिला कुणी शहाणपण शिकवू नये. दुसरं काही करण्यासारखं हातात उरत नाही, तेव्हा माणूस देऊ करतो. ती म्हणाली, मी वर्षभर चप्पल घालणार नाही. नको घालू दे. पाय तिचे आहेत.

ती म्हणाली, पोराचे केस वाढवीन, शाळेत वेणी घालून पाठवीन. इथे मात्र थांबवायला हवं. डोकं त्याचं आहे, आणि वर्गातली पोरं चिडवणार आहेत त्याला.

सासू म्हणाली, नातू होऊ दे, सून अनवाणी गड चढेल. मग सासूबाईंनी चढावं ना! नातू त्यांना हवाय.

पंढरीची वाट लाखो लोक पायी चालतात. बहुतेकांना विठ्ठलाकडून काही वसूल करायचं नसतं. ज्याला चालायचं तो चालतो, दुसऱ्याला आपल्या जागी पाठवत नाही.

देवस्थानांच्या विश्वस्तांनी, गुरवांनी, गावच्या पंचांनी एवढं करून पाहावं. कुणी बाकी राहिलेला नवस फेडायला आलं, तर तीनच गोष्टी विचाराव्यात. बोललं कोण? फेडतंय कोण? आणि पैसे कुठून आणले? बोलणारा मेलेला असेल, फेडणारी सून असेल आणि पैसे व्याजाने काढलेले असतील, तर बकरं दावणीला परत, माणसं घरी परत. देवाच्या वतीने देणं माफ झालं असं गुरवाने तिथल्या तिथे, चारचौघांत, मोठ्याने सांगावं. देवाच्या वतीने मागताना त्याला कधी संकोच वाटला होता?