२०० पैकी २१४

कबनूरमध्ये एखादा पोरगा काय करतो असं विचारलं आणि उत्तरात ‘अभ्यास करतोय’ आलं, की पुढचं कुणी विचारत नाही. कसला अभ्यास, कुठवर आला, हे विचारणं म्हणजे भेटायला गेल्यावर आजारी माणसाला ‘अजून किती दिवस?’ विचारण्यासारखं.

माझा पुतण्या बी. कॉम. झाल्यापासून या खात्यात जमा होता. सकाळी डबा घेऊन इचलकरंजीच्या अभ्यासिकेत जायचा, रात्री परत. घरी बसणं शक्य नव्हतं, कारण खाली त्याच्या बापाचे आठ माग. मागाच्या खटखटीत झोप छान लागते, अभ्यास मात्र होत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ, खर्चीवाला. बाहेरच्यांना सांगायचं तर माग याचे, वीजबिल याचं, पण सूत व्यापाऱ्याचं. व्यापारी बीम पाठवणार, हा कापड विणून देणार आणि पिकावर मजुरी घेणार. ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे अमुक पैसे, हा इथला जुना मापदंड. बाजार चढला की बीम वेळेवर येतात. पडला की व्यापारी फोन उचलत नाही, आणि माग झाकून ठेवावे लागतात. अशा मंदीत भंगाराच्या भावात किलोवर माग विकलेले भावाने डोळ्यांनी पाहिले आहेत. म्हणून ‘एक तारखेला पगार’ हे शब्द तो देवाचं नाव घेतल्यासारखे उच्चारतो. लोक म्हणतात, आईबापांना सरकारी नोकरीचं वेड लागलंय. वेड कसलं, आठ माग दहा वर्षं चालवून बघा.

२०२३ साली तलाठी भरती निघाली. जागा ४,६४४, अर्ज दहा लाखांवर. म्हणजे एका खुर्चीमागे सव्वादोनशेच्या आसपास माणसं. खुल्या गटाला फी हजार रुपये, मागासवर्गीयांना नऊशे. त्याच आठवड्यात इचलकरंजीतल्या एका कापड पेढीवरून पुतण्याला निरोप आला: हिशेबाला माणूस पाहिजे, टॅली येत असेल तर सोमवारपासून ये, सतरा हजार, पीएफ धरून.

घरात सभा भरली. मी सायझिंगच्या जुन्या पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. तलाठ्याचं मूळ वेतन २५,५००. महागाई भत्ता तेव्हा ४२ टक्के, म्हणजे ३६,२१० झाले. घरभाडं धरून साडेअडतीस हजार. त्यातून मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के निवृत्तीच्या खात्यात कापले जाणार, म्हणजे साडेतीन हजारांवर.

“कापू देत की,” भावजय म्हणाली, “पुढं पेन्शन मिळते.”

इथे मला तिच्या आनंदात माती कालवावी लागली. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांना ती जुनी पेन्शन नाही. आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी दर महिन्याला बँकेतून घेऊन येतात, ती ही नव्हे. नव्यांचे पैसे खात्यात साठतात, सरकार आपल्या वाट्याचे १४ टक्के घालतं, आणि शेवटी बाजाराने जे वाढवलं असेल त्यातून निवृत्तिवेतन. याचसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर कर्मचारी संपावर गेले होते. पुढच्या वर्षी हमीच्या पेन्शनची नवी योजना सरकारने मान्य केली, पण सभेच्या दिवशी ती नव्हती.

“मग पेढीवर काय मिळंल?” भावाने विचारलं.

पेढीवर पीएफ. मालकाच्या वाट्यातले पेन्शनकडे जातात जास्तीत जास्त १,२५०, कारण त्यासाठी पगाराची मर्यादा १५,००० धरतात. पेन्शनचं सूत्र असं: तो पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पस्तीस वर्षं एकही खंड न पडता राबला, तर १५,००० गुणिले ३५ भागिले ७०, म्हणजे साडेसात हजार. सभा थोडा वेळ गप्प बसली. खाली एक माग थांबला होता, तेवढ्यात भाऊ धागा तुटला का बघायला उठून गेला.

पण पावतीवर न मावणारी एक बाजू होती, ती मी मुद्दाम शेवटी काढली. सतरा हजारांप्रमाणे एक वर्ष अभ्यासिकेत काढलं की दोन लाख चार हजार गेले. पगार नाही आणि अनुभवही नाही. खुल्या गटाला ३८ पर्यंत वयोमर्यादा आहे, मागासवर्गीयांना ४३. ही मर्यादा पोरांच्या सोयीसाठी असेल, पण तिच्यामुळे ‘आता पुरे’ म्हणण्याची तारीख कुणावरच येत नाही. खरी लढत सरकारी आणि खाजगीत नसतेच. ती असते खाजगी नोकरीत आणि वाट पाहण्यात, आणि वाट पाहण्याला गावात जास्त मान आहे. स्थळ बघायला आलेले लोकही पेढीवरच्या हिशेबनिसापेक्षा ‘एमपीएससी करतोय’ला अर्धा कप चहा जास्त देतात.

पुतण्याने दोन्ही केलं. फॉर्म भरला आणि सोमवारी पेढीवर गेला. दिवसा सुताची बिलं, ई-वे बिलं. रात्री मराठी व्याकरण. पेपर १०० प्रश्नांचा, दोन तासांचा, २०० गुणांचा: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन, प्रत्येकी पंचवीस प्रश्न. एवढी माणसं एका दिवशी संगणकासमोर बसत नाहीत, म्हणून परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात अनेक सत्रांत झाली. प्रत्येक सत्राला वेगळा पेपर. कुणाला सोपा, कुणाला अवघड.

त्यावर उपाय म्हणजे सामान्यीकरण. जानेवारी २०२४ मध्ये गुणवत्ता यादी लागली आणि महाराष्ट्राने पाहिलं, की २०० पैकी २१४ गुण मिळू शकतात! आमच्या चहाच्या टपरीवर तर परीक्षेऐवजी यावरच चर्चा. लबाडीचा संशय सगळ्यांना आला, पण नुसत्या गणितानेही असं होतं. समजण्यापुरते आकडे धरू. तुमच्या अवघड सत्रात मध्यमापेक्षा जरा वरच्या पोरांची रेघ १०० वर आणि अव्वल पोरांची सरासरी १६०. सगळ्या सत्रांची मिळून हीच रेघ ११० आणि अव्वल १८०. म्हणजे तुमच्याकडचे साठ गुण तिकडच्या सत्तरांएवढे ताणायचे. तुम्हाला १९० असतील तर रेघेच्या वरचे ९० ताणून १०५ होतात, त्यात ११० मिळवले की झाले २१५. ज्यांचं सत्र सोपं, त्यांचं उलट. पुतण्याचं सोपं निघालं. उत्तरतालिकेवर जुळवलेले गुण निकालात घटून आले आणि यादी त्याच्या बरीच वर थांबली.

आपले गुण नेमके कशाने गेले, हे त्याला बापाला समजावता येईना. भावाला मात्र लगेच पटलं. “आमचं बी तसंच,” तो म्हणाला, “आपण कापड विणायचं आणि मीटर त्यानं मोजायचं.”

पुढची जाहिरात निघाल्यावर पुतण्याने पुन्हा फॉर्म भरला आणि परीक्षेसाठी दोन दिवसांची रजा मागायला मालकांच्या केबिनमध्ये गेला. मालकांनी चष्मा कपाळावर चढवला, रजा दिली, आणि तो दाराशी पोचल्यावर हाक मारली: “हे बघ, झालास तलाठी तर झालास. पण हातकणंगले तालुक्यात आलास तर आमच्या गोडाऊनच्या जागेची नोंद तेवढी आधी घाल. तीन वर्षं झाली, नुसतं ‘पुढच्या आठवड्यात’ चाललंय. आणि नाही झालास, तर मंगळवारी जीएसटीचं रिटर्न आहे, लवकर ये.”