हिरवी वही, कोरी पाने

पर्यावरणपूरक शालेय साहित्याच्या एखाद्या काल्पनिक ब्रँडच्या जाहिरात मोहिमेचे टिपण डोळ्यांपुढे आणा. पालकांसाठी अपराधभाव, शिक्षकांसाठी प्रमाणपत्र आणि मुलांसाठी टोकात तुळशीचे बी असलेली पेन्सिल, अशी त्यात चोख वाटणी असेल. पहिल्याच ओळीत ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द असेल. मात्र ऑक्टोबर २०२४ मधल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. मग खुलासा येईल: ‘शंभर टक्के पुनर्वापरित कागद.’ तो मुलांनी लिहून टाकलेल्या वह्यांचा, की कारखान्यातच कापून उरलेल्या कोऱ्या पट्ट्यांचा, हे टिपण सांगणार नाही. दोन्ही पुनर्वापरितच म्हणवले जातात. पण पहिल्यात रद्दी वाचते, दुसऱ्यातली कात्रणे गिरण्या एरवीही लगद्यात घालतात.

कोणी म्हणेल, नव्या लगद्यापेक्षा हे बरेच की! बरे आहेच, पण वही लागणारच असेल तर. दप्तरात मार्चअखेर निम्म्या कोऱ्या वह्या असतात आणि जूनमध्ये शाळेची यादी पुन्हा ‘दोनशे पानी, नवी, खाकी कव्हर घातलेली’ मागते. ती यादी शिक्षकच करतात, म्हणजे टिपणाचा ‘लक्ष्यगट’ अगदी अचूक आहे. त्यांना ‘उरलेली पाने शिवून घ्या, चालेल’ एवढे सांगायला लावले तर झाडे वाचतील. फक्त त्या मोहिमेचे बिल कोणाच्या नावे फाडायचे, हा रकाना टिपणात सापडत नाही.