होजपाइप कोणी सोडवला? नवशिक्या सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी

समजा, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या तुमच्या कारखान्यात सल्फ्युरिक अ‍ॅसिडचा टँकर रिकामा करताना ऑपरेटरच्या हातावर अ‍ॅसिड उडाले. आता साहेब म्हणतात, नाव न घेता स्टाफच्या वार्तापत्रात ‘धडा’ छापा.

आधी मूळ अहवाल कपाटात ठेवा. त्यातली नावे खोडू नका. जखमी माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कायद्याप्रमाणे सरकारला कळवावेच लागते आणि तिथे निनावीपणा चालत नाही. वार्तापत्रासाठी वेगळा कागद घ्या.

पहिला खर्डा नेहमी असा होतो: ‘गेल्या बुधवारी तिसऱ्या पाळीत, बदलापूरहून येणाऱ्या एका ज्येष्ठ ऑपरेटरने निष्काळजीपणे होजपाइप सोडवला.’ अभिनंदन! नाव सोडून सगळे छापलेत. तिसऱ्या पाळीत बदलापूरचा ज्येष्ठ एकच, आणि त्याच्या हाताची पट्टी उल्हासनगरहून येणाऱ्या कॅन्टीनवाल्यानेही पाहिली आहे.

वार, पाळी, गाव, वय, टँक नंबर काढा. अ‍ॅसिडचे नाव मात्र ठेवा, नाहीतर वाचणाऱ्याला काय सांभाळायचे ते कळणार नाही. मग ‘निष्काळजीपणे’वर काट मारा (साहेब तो शब्द परत घालतील, पुन्हा मारा) आणि त्या जागी काय घडले ते लिहा. हवेच्या दाबाने टँकर रिकामा झाला, हवा बंद केली, दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह लावले. मधल्या होजमध्ये अ‍ॅसिड आणि दाब दोन्ही अडकून राहिले. तिथे ना प्रेशर गेज, ना ड्रेन व्हॉल्व्ह. आत दाब आहे की नाही, हे ऑपरेटरला कळणार कसे? कॅमलॉकचे कान उघडताच अ‍ॅसिड उडाले.

आता धडा आपोआप दिसतो: ड्रेन व्हॉल्व्ह आणि गेज बसवा, होज सोडवण्याआधी दाब काढा, गेज शून्यावर आल्याची खात्री करा. फेसशील्ड आणि अ‍ॅसिडरोधक हातमोजे हवेतच. अंगावर उडालेच तर सेफ्टी शॉवरखाली निदान १५ मिनिटे धुवा. गेजच्या खरेदीची फाइल कोणाच्या टेबलावर अडली आहे, हे वार्तापत्रात छापायचे नसते. ते साहेबांना तोंडी विचारा.

छापण्याआधी खर्डा त्या ऑपरेटरलाच दाखवा. तो नको म्हणाला तर थांबा. त्याची हरकत नसेल, तर दुसऱ्या विभागातल्या कोणाला तरी वाचायला द्या. दुसऱ्या ओळीला तो ‘अरे, हा तर आपला…’ म्हणाला, तर पट्टी सुटेपर्यंत थांबा आणि अशाच एखाद्या जुन्या घटनेबरोबर जोडून छापा. शेवटी साहेबांची ‘सतर्क राहा, सुरक्षित राहा’ ही ओळ येणारच. ती वृक्षारोपणाच्या फोटोखाली टाका.